पीडीसीए मधला 'सी' नेमका कुणाचा?



ऑपरेशन्स मॅनेजमेंटच्या पेपरची तयारी करताना आपण सगळ्यांनी एक वाक्य कधी ना कधी लिहिलेलं असतं: "डेमिंग यांनी पीडीसीए चक्र मांडलं." मीही माझ्या सिनॉप्सिसच्या पहिल्या मसुद्यात ते लिहिलं होतं. मॅडमनी त्याखाली पेन्सिलीने रेघ ओढली आणि समासात दोनच शब्द लिहिले: "कुठे मांडलं?" मला वाटलं, पाच मिनिटांत संदर्भ शोधून देऊ. पाच मिनिटांचे तीन आठवडे झाले, कारण डेमिंग यांनी स्वतःच्या पुस्तकांत या चक्राला आपलं नाव दिलेलं नाही. शिवाय त्यातल्या 'चेक' या शब्दावर त्यांचा आक्षेप होता.

हा नुसता नावाचा वाद असता तर मी इथे लिहिलं नसतं. पण 'चेक' म्हणजे काय, याचं उत्तर बदललं की अख्ख्या चक्राचा अर्थ बदलतो. टोटल क्वालिटी मॅनेजमेंटची, म्हणजे टीक्यूएमची, जी तत्त्वं आपण पाठ करतो त्यांचा अर्थसुद्धा इथूनच लागतो. म्हणून आज हा इतिहास सुरुवातीपासून बघू आणि मध्ये एक छोटं गणितही करू. वही-पेन जवळ ठेवा.

सरळ रेषेचं वर्तुळ कसं झालं

गोष्ट सुरू होते अमेरिकेत, शिकागोजवळच्या हॉथॉर्न कारखान्यापासून. वेस्टर्न इलेक्ट्रिक ही कंपनी तिथे टेलिफोनची उपकरणं बनवायची. त्या काळी गुणवत्ता सांभाळायची म्हणजे माल तयार झाल्यावर तपासायचा, खराब निघेल तो बाजूला काढायचा. हॉथॉर्नबद्दल डेमिंग एक गोष्ट सांगत असत: तिथले लोक सगळा माल एकसारखा यावा म्हणून जितकी धडपड करत, तितका तो जास्तच वेगवेगळा येत असे. एखादा नग चुकला की लगेच मशीन हलवायचं, आणि त्याने पुढचे नग आणखी बिघडायचे.

वॉल्टर शूहार्ट या भौतिकशास्त्रज्ञाने या कोड्याचं उत्तर शोधलं. १६ मे १९२४ रोजी त्यांनी आपल्या वरिष्ठांना एक छोटंसं टिपण पाठवलं. त्यात कंट्रोल चार्टची पहिली आकृती होती. कल्पना साधी होती. कुठल्याही प्रक्रियेत चढउतार असतातच. त्यातले बहुतेक अनेक लहानसहान कारणांच्या सरमिसळीतून येतात आणि ते त्या व्यवस्थेचा भागच असतात. यांना आज आपण सामान्य कारणं म्हणतो. काही चढउतार मात्र वेगळे काहीतरी घडल्यामुळे येतात: हत्यार तुटलं, कच्च्या मालाची खेप बदलली. ही विशेष कारणं. या दोहोंना वेगवेगळी वागणूक द्यावी लागते, आणि समोर आलेला चढउतार कोणत्या जातीचा आहे ते चार्ट सांगतो.

पुढे १९३९ मध्ये शूहार्ट यांचं दुसरं पुस्तक आलं. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या ग्रॅज्युएट स्कूलमध्ये त्यांनी दिलेल्या व्याख्यानांवर ते आधारलेलं होतं आणि त्याचं संपादन डेमिंग यांनी केलं होतं. आपल्या चक्राचा पूर्वज याच पुस्तकात आहे. शूहार्ट म्हणतात, जुन्या पद्धतीत तीन पायऱ्या एका सरळ रेषेत असतात: आधी मानक ठरवा, मग उत्पादन करा, मग तपासा. त्यांनी ही रेषा वाकवून वर्तुळ केलं. तपासणीतून जे कळलं ते पुन्हा मानकाकडे गेलं पाहिजे.

मग ते या तीन पायऱ्यांची तुलना वैज्ञानिक पद्धतीशी करतात. मानक ठरवणं म्हणजे गृहीतक मांडणं, उत्पादन म्हणजे प्रयोग आणि तपासणी म्हणजे त्या गृहीतकाची कसोटी. हा मुद्दा नीट लक्षात ठेवा. इथे तपासणी मालाची नाही, आपल्या समजुतीची आहे.

१९५०: जपानमध्ये काय सांगितलं गेलं

डेमिंग १९४७ मध्ये जपानला गेले होते ते जनगणनेच्या तयारीत मदत करायला. १९५० मध्ये जपानी शास्त्रज्ञ आणि अभियंत्यांच्या संघाने, म्हणजे जेयूएसईने, त्यांना संख्याशास्त्रीय गुणवत्ता नियंत्रणावर व्याख्यानं द्यायला बोलावलं. जुलैमध्ये टोकियोत अभियंत्यांसाठी आठ दिवसांचा वर्ग झाला. त्याच उन्हाळ्यात टोकियोत आणि हाकोने इथे त्यांनी कंपन्यांच्या वरिष्ठांनाही गाठलं. या व्याख्यानांच्या छापील प्रतींचं मानधन त्यांनी जेयूएसईलाच देऊन टाकलं आणि त्यातून १९५१ मध्ये डेमिंग पुरस्कार सुरू झाला.

या व्याख्यानांत त्यांनी एक चाक दाखवलं होतं. त्याचे चार भाग होते: वस्तूची रचना करा, ती बनवा, बाजारात विका, आणि ती वापरणाऱ्याला कशी वाटली, न घेणाऱ्याने का घेतली नाही, हे शोधा. मग त्या माहितीवरून पुन्हा रचना करा. शूहार्ट यांच्या तीन पायऱ्यांत डेमिंग यांनी भर घातली ती ग्राहकाची. पण यात प्लॅन, डू, चेक, ॲक्ट हे शब्द कुठेच नाहीत.

ते शब्द आले जपानी लोकांकडून. मासाआकी इमाई यांनी १९८६ च्या 'कायझेन' या पुस्तकात म्हटलं आहे की डेमिंग यांचं चाक जपानी अधिकाऱ्यांनी पीडीसीएच्या रूपात नव्याने मांडलं. रचनेचं झालं प्लॅन, उत्पादनाचं डू, विक्रीनंतर ग्राहक समाधानी आहे का याचं चेक आणि पुढच्या सुधारणेचं ॲक्ट. हे कुणी केलं, त्यांची नावं इमाई यांनी दिलेली नाहीत. म्हणजे मॅडमच्या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर असं: बीज शूहार्ट यांचं, चाक डेमिंग यांचं आणि पीडीसीए ही चार अक्षरं जपानी उद्योगाची.

डेमिंग यांनी १९८६ च्या 'आउट ऑफ द क्रायसिस' मध्ये आपल्या चक्राला 'शूहार्ट चक्र' म्हटलं. १९९३ च्या 'द न्यू इकॉनॉमिक्स' मध्ये त्यांनी पायऱ्या दिल्या त्या प्लॅन, डू, स्टडी, ॲक्ट. इंग्रजीत 'चेक' या शब्दाला अडवणं, रोखून धरणं अशी छटा आहे आणि ती त्यांना नको होती. 'तपासा' म्हटलं की माणूस विचारतो, "लक्ष्य गाठलं का?" 'अभ्यासा' म्हटलं की विचारतो, "आपल्याला जे होईल असं वाटलं होतं ते झालं का, आणि नसेल झालं तर का?"

हा फरक महाग का पडतो: एक छोटं गणित

आता वही उघडा. समजा एक पॅकिंग मशीन आहे. प्रत्येक पाकिटात ५०० ग्रॅम माल भरायचा आहे. मशीन ५०० वरच लावलेलं आहे, पण नैसर्गिक चढउतारामुळे वजन थोडं कमी-जास्त होतं. लागोपाठच्या आठ पाकिटांत ५०० पासूनचा फरक, ग्रॅममध्ये, असा आला (आकडे मी समजावण्यासाठी घेतले आहेत):

+३, +४, −२, −१, −४, +२, +१, −३

सगळ्यांची बेरीज शून्य, म्हणजे सरासरी बरोबर ५००. प्रत्येक फरकाचा वर्ग करून बेरीज केली तर ६० येते. ही बेरीज चढउतार किती आहे त्याचं माप समजा.

आता या मशीनवर एक मेहनती ऑपरेटर बसवू. त्याने 'चेक' आणि 'ॲक्ट' अगदी मनावर घेतलं आहे. प्रत्येक पाकीट वजन करतो आणि जितकी चूक दिसेल तितकं मशीन उलट्या दिशेला सरकवतो. पहिलं पाकीट +३ आलं, म्हणून त्याने मशीन ३ ग्रॅम खाली आणलं. दुसरं पाकीट एरवी +४ आलं असतं, ते आता +१ आलं. तो खूश झाला आणि मशीन आणखी १ ग्रॅम खाली आणलं. तिसरं पाकीट एरवी −२ आलं असतं, पण मशीन आता ४ ग्रॅम खाली आहे, म्हणून ते −६ आलं. घाबरून त्याने मशीन ६ ग्रॅम वर नेलं. असं करत गेलात तर आठ पाकिटांची मालिका अशी मिळते:

+३, +१, −६, +१, −३, +६, −१, −४

वर्गांची बेरीज करा: १०९. काहीही न करता ६० होती, ती मेहनत केल्यावर जवळजवळ दुप्पट झाली. आधी सगळ्यात मोठी चूक ४ ग्रॅमची होती, आता ६ ची झाली. हा माझ्या आकड्यांचा खेळ नाही. चढउतार एकमेकांवर अवलंबून नसतील तर या नियमाने दीर्घकाळात व्हेरिअन्स बरोबर दुप्पट होतो, कारण प्रत्येक पाकिटात स्वतःच्या चुकीबरोबर मागच्या पाकिटाची चूकही मिसळते. डेमिंग हेच नरसाळं आणि गोटी घेऊन वर्गात करून दाखवत. या अशा ढवळाढवळीला त्यांनी 'टॅम्परिंग' म्हटलं.

आता या ऑपरेटरच्या कामाकडे परीक्षकाच्या नजरेने बघा. त्याच्याकडे प्लॅन होता (५०० ग्रॅम), डू होतं, चेक तर प्रत्येक पाकिटाला होतं आणि ॲक्टही लगेच होत होतं. उत्तरपत्रिकेत चारही पायऱ्यांचे गुण मिळतील. तरी माल बिघडला. हॉथॉर्नच्या लोकांचं हेच होत होतं.

मग कळणार कसं, कधी हात लावायचा आणि कधी नाही? शूहार्ट यांचा चार्ट इथे लागतो. मूळ मालिकेत शेजारच्या दोन पाकिटांमधला फरक काढा, चिन्ह सोडून द्या: १, ६, १, ३, ६, १, ४. बेरीज २२, सातने भागलं की सरासरी सुमारे ३.१४. एकेका नगाच्या चार्टमध्ये या सरासरीला २.६६ ने गुणतात. आपल्याकडे येतात सुमारे ८.४ ग्रॅम. म्हणजे सीमा साधारण ४९१.६ ते ५०८.४. आठही पाकिटं आरामात आत आहेत. प्रत्यक्षात सीमा ठरवायला वीस-पंचवीस तरी नोंदी घ्याव्यात, पण निष्कर्ष समजायला एवढं पुरे: इथे विशेष कारणाची खूण नाही, एकेका पाकिटामागे धावू नका.

याचा अर्थ हातावर हात धरून बसा असा नाही. ग्राहकाला ३ ग्रॅमपेक्षा जास्त फरक चालत नसेल तर ही प्रक्रिया स्थिर असूनही अपुरी आहे. मग पाकीट नाही, व्यवस्था बदलावी लागते, आणि चक्राचं खरं काम तिथे सुरू होतं.

प्लॅनमध्ये एक गृहीतक लिहा: हॉपरमधला माल अर्ध्याच्या खाली गेला की भरण्याचा वेग बदलतो, म्हणून वजन हलतं. त्यासोबत भाकीत लिहा: हॉपर कायम अर्ध्याच्या वर ठेवला तर ३.१४ ची सरासरी २ च्या आसपास येईल. डू मध्ये हे एका मशीनवर, एका पाळीत करून बघा, आणि त्या पाळीत दुसरं काय काय घडलं तेही नोंदवा. स्टडीमध्ये निकाल भाकिताशी ताडा. समजा सरासरी २.९ वरच राहिली. तर हॉपर हे मोठं कारण नव्हतं. लक्ष्य चुकलं, पण तुम्हाला एक गोष्ट कळली. ॲक्टमध्ये तीन वाटा असतात: बदल स्वीकारा, सोडून द्या किंवा वेगळ्या परिस्थितीत पुन्हा एक फेरी घ्या.

भाकीत आधी लिहिलेलं नसेल तर ही तुलनाच होत नाही. मग चार पायऱ्यांचं चक्र पुन्हा सरळ रेषा होतं: ठरवा, करा, तपासा.

मग जपानी लोक चुकले का?

असं लिहायचा मोह मलाही झाला होता, पण ते बरोबर नाही. डेमिंग यांनी पीडीसीएला मूळ कल्पनेची विकृती मानलं हे खरं. पण काओरू इशिकावा यांची मांडणी वाचा. त्यांनी प्लॅनचे दोन भाग केले: ध्येय ठरवणं आणि तिथे पोचायची पद्धत ठरवणं. डू चेही दोन भाग केले: आधी शिक्षण-प्रशिक्षण, मग अंमलबजावणी. चेकमध्ये तर ते म्हणतात की निकालाबरोबर कारणंही तपासा, म्हणजे पद्धत ठरल्याप्रमाणे पाळली जाते आहे का ते प्रत्यक्ष जागेवर जाऊन बघा. हे चेक स्टडीपासून फार लांब नाही. चेकचा फक्त 'लक्ष्याशी तुलना' एवढाच अर्थ उरला तो पुढे, चक्र एका आकृतीपुरतं उरल्यावर.

टीक्यूएमची तत्त्वं इथून वाचा

आता तत्त्वांकडे या. आपण ती यादीसारखी पाठ करतो: आयएसओ ९००० च्या २००० सालच्या आवृत्तीत आठ, २०१५ च्या आवृत्तीत सात. त्यापेक्षा या चक्राला एक प्रश्न विचारा: हे चाक फिरवायला काय काय लागतं? मग तत्त्वं आपोआप जागेवर बसतात.

पुराव्यावर आधारित निर्णय हे शूहार्ट यांचं देणं. चार्ट नसेल तर चढउतार कुठल्या जातीचा ते कळत नाही. ग्राहककेंद्रितता डेमिंग यांच्या चाकाच्या चौथ्या भागातून येते. सगळ्यांचा सहभाग कशासाठी? हॉपर अर्ध्याच्या खाली जातो हे मशीनवरच्या माणसाला दिसतं, ऑफिसात दिसत नाही. जपानमध्ये १९६२ पासून क्वालिटी कंट्रोल सर्कल सुरू झाली ती याच समजुतीवर.

आणि नेतृत्व? सामान्य कारणं व्यवस्थेत असतात आणि व्यवस्था बदलायचा अधिकार ऑपरेटरकडे नसतो. डेमिंग यांचा स्वतःच्या अनुभवावरचा अंदाज होता की ९४ टक्के अडचणी व्यवस्थेच्या, म्हणजे व्यवस्थापनाच्या जबाबदारीच्या असतात. नेतृत्वाची जबाबदारी म्हणजे इथे भाषण नाही, हा अधिकार वापरणं आहे. आर्मंड फायगेनबॉम यांनी १९५६ मध्ये 'टोटल क्वालिटी कंट्रोल' हा शब्द वापरला तोही याचसाठी. गुणवत्ता एकट्या तपासणी खात्याच्या हातात राहू शकत नाही.

आपल्याकडचा एक धागाही नोंदवून ठेवा. प्रशांतचंद्र महालनोबिस यांच्या निमंत्रणावरून शूहार्ट १९४७-४८ च्या हिवाळ्यात भारतात येऊन गेले, म्हणजे डेमिंग यांच्या जपानमधल्या व्याख्यानांच्या आधी. तरी भारतीय कंपनीला पहिला डेमिंग पुरस्कार मिळायला १९९८ उजाडलं. तो सुंदरम-क्लेटनला मिळाला. २००३ मध्ये महिंद्राच्या ट्रॅक्टर विभागाला मिळाला, ज्याचे कारखाने कांदिवली आणि नागपूरलाही आहेत. या मधल्या पन्नास वर्षांत काय झालं, हा विषय इतिहासात रस असलेल्या कुणीतरी पीएचडीसाठी घ्यावा असा आहे.

तुमच्या पेपरसाठी

२०१४ मध्ये टेलर आणि सहकाऱ्यांनी आरोग्यसेवेतल्या पीडीएसए वापराचा पद्धतशीर आढावा घेतला. त्यांनी तपासलेल्या ७३ लेखांपैकी फक्त १४ लेखांत एकामागून एक घेतलेल्या फेऱ्यांची पूर्ण नोंद होती. चक्राचं नाव घेणारे लेख पुष्कळ, प्रत्यक्ष फिरवल्याची नोंद ठेवणारे थोडे.

म्हणून 'पीडीसीए वापरून सुधारणा' असा केस स्टडी वाचताना किंवा लिहिताना मी आता तीन गोष्टी शोधते. बदल करण्याआधी भाकीत लिहिलं होतं का? आकडे काळाच्या क्रमाने दिले आहेत, की फक्त 'आधी' आणि 'नंतर' अशा दोन सरासऱ्या? दोन सरासऱ्यांतून प्रक्रिया स्थिर होती की नाही हे कळूच शकत नाही. आणि दुसरी फेरी पहिल्या फेरीत कळलेल्या गोष्टीवर बेतलेली आहे का? तिन्हींचं उत्तर 'नाही' असेल तर तिथे चक्र नाही, नुसती चार चौकटींची आकृती आहे.

माझ्या मसुद्यातलं ते वाक्य आता असं आहे: "शूहार्ट (१९३९) यांच्या चक्राकार कल्पनेवरून डेमिंग यांनी १९५० मध्ये जपानमध्ये जे चाक मांडलं, त्याचं पीडीसीए हे जपानी रूपांतर होय, डेमिंग यांनी स्वतः पुढे पीडीएसए हा शब्द पसंत केला." एका वाक्याचं हे लांबट वाक्य झालं खरं. पण मॅडमनी या वेळी त्याखाली रेघ ओढली नाही.

वरची आठ पाकिटं घेऊन एकदा स्वतः गणित करून बघा. मग ऑपरेटरचा नियम थोडा बदला: पूर्ण चुकीऐवजी अर्ध्या चुकीइतकंच मशीन सरकवा. बेरीज १०९ पेक्षा कमी येते, पण ६० पर्यंत उतरते का? उत्तर कमेंटमध्ये लिहा.